ओबीच्या केसमध्ये सगळे गप्प आहेत: ग्रुपथिंक समजायचं की सोशल लोफिंग?

अंबड_दुसरी_पाळी

नमस्कार मंडळी. मी अंबडला एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. दुपारी तीनची पाळी असते, त्यामुळे सकाळी एमबीएचा अभ्यास करतो. ओबीचा, म्हणजे ऑर्गनायझेशनल बिहेवियरचा, पेपर महिन्यावर आलाय. व्याख्या पाठ आहेत, पण केस दिली की माझा गोंधळ होतो. काल सराव संचातला हा प्रश्न चुकला:

«एका कंपनीने नवा वाहतूक ठेकेदार निवडण्यासाठी वेगवेगळ्या विभागांतील नऊ जणांची समिती नेमली. प्रत्येक सदस्याने ११० पानांचा करार वाचून यावे असे ठरले होते. बैठकीत कोणीही प्रश्न विचारला नाही आणि वीस मिनिटांत करार एकमताने मंजूर झाला. तीन महिन्यांनी लक्षात आले की डिझेलचे दर वाढल्यास सगळा भार कंपनीवर टाकणारे कलम करारात होते. चौकशीत सात सदस्यांनी सांगितले की बाकीचे वाचतील असे वाटल्याने त्यांनी करार चाळलाही नव्हता.»

पर्याय होते ग्रुपथिंक, सोशल लोफिंग, गटाचं ध्रुवीकरण आणि ॲबिलिन पॅराडॉक्स. मी ग्रुपथिंकवर खूण केली. समिती आहे, एकमत आहे, घाई आहे, कोणी तोंड उघडत नाही आणि निर्णय चुकतो. यापेक्षा वेगळं ग्रुपथिंक काय असतं? उत्तरसूचीत मात्र सोशल लोफिंग दिलंय. उत्तरसूची चुकली की मी?

---

गंगापूररोड

उत्तरसूची चुकली असणार. आम्हाला क्लासमध्ये सोपी खूण सांगितली होती. केसमध्ये निर्णय घेतला जात असेल तर ग्रुपथिंक आणि काम केलं जात असेल तर लोफिंग. रिपोर्ट बनवणं, माल चढवणं, प्रोजेक्ट करणं हे काम. समिती, बैठक, मतदान हा निर्णय. इथे तर सरळ समिती आहे. मी या खुणेवर दोन टेस्टमध्ये सगळी उत्तरं बरोबर दिली आहेत.

अजून एक खूण म्हणजे गट मोठा असेल तर लोफिंग, छोटा आणि जवळचा असेल तर ग्रुपथिंक.

---

वर्गाबाहेर

मी बरीच वर्षं ओबी शिकवलं, आता निवृत्त आहे. उत्तरसूची बरोबर आहे आणि अंबडकर, तुम्ही अडकलात ती जागाही नेमकी आहे. बहुतेक मुलं तिथेच अडकतात.

गंगापूररोड यांची खूण बऱ्याचदा चालते, कारण प्रश्न काढणारे बऱ्याचदा तशाच केस लिहितात. पण ती खूण बैठकीच्या खोलीकडे बघते, माणसाकडे बघत नाही. करार वाचणं हेही कामच आहे. ते बैठकीच्या आधी, घरी बसून करायचं होतं आणि सात जणांनी त्यात अंग चोरलं. बैठकीत ते गप्प बसले, कारण त्यांच्याकडे बोलण्यासारखं काही नव्हतंच.

मी वर्गात एकच प्रश्न विचारायला लावत असे. गप्प बसलेल्या माणसाने पोटात काय ठेवलंय? त्याच्याजवळ शंका होती आणि ती त्याने गिळली, की त्याच्याजवळ काहीच नव्हतं, कारण त्याने मेहनतच केली नव्हती? पहिल्यात, म्हणजे ग्रुपथिंकमध्ये, मत अडवलं जातं; दुसऱ्यात, म्हणजे सोशल लोफिंगमध्ये, कष्ट अडवले जातात. बाहेरून दोन्ही शांतता सारख्याच दिसतात. म्हणून "कोणी प्रश्न विचारला नाही" या वाक्यावरून काहीही ठरवायचं नाही. पुढच्या-मागच्या वाक्यात गप्प बसण्याचं कारण कुठे दिलंय ते शोधायचं. तुमच्या केसमध्ये ते शेवटच्या वाक्यात आहे: "बाकीचे वाचतील असे वाटल्याने".

आता तीच केस ठेवा आणि फक्त शेवटचं वाक्य बदला. "चौकशीत चार सदस्यांनी सांगितले की ते कलम त्यांना खटकले होते, पण अध्यक्षांनी सुरुवातीलाच हा ठेकेदार आपल्याला पसंत असल्याचे सांगितले होते आणि बाकी सगळे सहमत दिसत असल्याने त्यांनी विषय काढला नाही." नऊ माणसं तीच, वीस मिनिटं तीच, नुकसानही तेच. पण आता उत्तर ग्रुपथिंक झालं. चौघांनीही वाचायचे कष्ट घेतले होते, त्यांनी गिळली ती शंका. शिवाय चौघांनाही वाटत होतं की आपण एकटेच वेगळे आहोत. एकमत खरं नव्हतं, एकमताचा भास होता.

---

निफाडची_सून

मॅडम, माझाही हाच प्रॉब्लेम आहे. आमच्या प्रोजेक्टच्या गटात पाच जणी आहोत. दोघी काहीच करत नाहीत, पीपीटी मी आणि माझी मैत्रीण रात्री जागून करतो आणि मार्क पाचही जणींना सारखे. सरांना सांगितलं तर ते म्हणतात आपसात मिटवा. काय करावं?

---

वर्गाबाहेर

ताई, इथे चर्चा परीक्षेतल्या केसची चालली आहे, पण तुमचं दुखणं त्याच घरातलं आहे म्हणून सांगते. पाच भाग पाडा आणि प्रत्येक भागावर करणारीचं नाव लिहून ते पान सरांना आधीच द्या. सादरीकरणात जिचा भाग तिनेच बोलायचं. कोणाचा वाटा किती ते वेगळं दिसायला लागलं की अंगचोरी बरीच उतरते, हे प्रयोगांमधून पुन्हा पुन्हा दिसलंय.

आणि एक जपा. "त्या करत नाहीत तर आम्हीच का मरायचं" म्हणून तुम्ही दोघींनी हात सैल सोडले, तर तेही गटातल्या कष्टाची गळतीच, फक्त कारण वेगळं. परीक्षेत कधी कधी अशी केस येते. एक मेहनती सदस्य इतरांना फुकट खाताना बघून स्वतःही काम कमी करतो. त्याला सकर इफेक्ट म्हणतात. पर्यायांत तो नसेल तर सोशल लोफिंगच निवडायचं.

---

अंबड_दुसरी_पाळी

मॅडम, शेवटचं वाक्य बदलून दाखवलंत त्याने डोक्यात लख्ख पडलं. पण एक शंका राहिली. नऊपैकी सात जणांनी वाचलं नाही. मग उरलेल्या दोघांनी वाचलं होतं का? वाचलं असेल तर ते का बोलले नाहीत? ते दोघं ग्रुपथिंकमध्ये जातात का?

---

सिडको_नेट

हाच मुद्दा मी मांडणार होते. माझी नेटची तयारी चालू आहे आणि अशा अर्धवट केस बघून चीड येते. त्या दोघांबद्दल केस काहीच बोलत नाही. त्यांनी वाचून कलम ओळखलं आणि सगळे होकार देताहेत म्हणून गप्प बसले, हे पूर्ण शक्य आहे. तसं असेल तर एकाच खोलीत दोन्ही गोष्टी झाल्या आणि प्रश्नाला एकच उत्तर नाही.

---

वर्गाबाहेर

खऱ्या खोलीत दोन्ही एकत्र असू शकतात, ते मान्य. माझ्या अनुभवात तर बऱ्याचदा असतात. सात जण न वाचता आले की माना डोलतात, आणि त्या डोलणाऱ्या माना बघून वाचून आलेल्याला वाटतं की सगळ्यांचा विचार पक्का झालाय. अंगचोरीतून एकमताचा भास तयार होतो.

पण परीक्षेत केसमध्ये लिहिलंय तेवढ्यावरच उत्तर द्यायचं. त्या दोघांच्या मनात काय होतं हे दिलेलं नाही, म्हणून त्यांच्या नावावर ग्रुपथिंक बसवता येणार नाही. दिलेलं कारण एकच आहे आणि ते सात जणांचं आहे.

---

ढोलपथक_पंचवटी

धागा वाचून राहवलं नाही. मी एमबीए वगैरे नाही, पंचवटीत ढोलपथक चालवतो. गणपतीच्या आधी दीड-दोन महिने गोदाकाठी सराव असतो. एका वर्षी आमचे ढोल ३० वरून ५० वर गेले आणि मला वाटलं आता रस्ता हादरेल. पण आवाज त्या मानाने वाढलाच नाही. मी पाच-पाच जणांची ओळ वेगळी उभी करून तोच ठेका वाजवून घेतला. प्रत्येक ओळ दणदणीत. सगळे एकत्र आले की टिपरू वरून खाली येतं, पण त्यात जोर नसतो. मागच्या रांगांत तर फारच. पोरं वाईट नाहीत, घाम गाळणारी आहेत. विचारलं तर प्रत्येक जण शपथेवर सांगतो की मी पूर्ण ताकदीने वाजवतोय.

हे तुमचं लोफिंग का? मला तर वाटत होतं ताल चुकतोय.

---

वर्गाबाहेर

दादा, तुम्ही विचारलेला प्रश्न या विषयातला सगळ्यात जुना प्रश्न आहे. तुम्हाला दोन शक्यता सुचल्या, जोर कमी की ताल चुकला. अभ्यासकही तिथेच बरीच वर्षं अडकले होते.

मॅक्स रिंगेलमन हे फ्रान्समधले शेतकी अभियंते. त्यांनी माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला आणि ते काम १९१३ मध्ये छापलं. आठ जण मिळून ओढत तेव्हा एकेकाचा वाटा तो एकट्याने ओढत असे त्याच्या निम्म्यावर आलेला दिसला. पण निम्मा का? आठ जणांनी एकाच क्षणी झटका दिला नाही, कोणाचा दोर तिरका गेला, तर जोर पूर्ण लावूनही वाया जातो. ती ताळमेळाची गळती. तिला अंगचोरी म्हणणं अन्यायाचं आहे.

दोन्ही वेगळ्या करायच्या कशा? १९७४ मध्ये अमेरिकेत इंगहॅम आणि सहकाऱ्यांनी युक्ती केली. माणसाला डोळे बांधून दोराच्या पुढच्या टोकाला उभं केलं आणि मागे बाकीचे ओढताहेत असं भासवलं. प्रत्यक्षात मागचे फक्त ओढण्याचं सोंग करत होते. एकच माणूस ओढत असल्यावर ताळमेळ चुकायचा प्रश्नच उरत नाही. तरीही त्याचा जोर घटला. पुढे १९७९ मध्ये लाताने, विल्यम्स आणि हार्किन्स यांनी टाळ्या आणि ओरडणं यांवर असेच प्रयोग केले. डोळ्यांवर पट्टी, कानांवर हेडफोन. आपण सहा जणांत ओरडतोय अशी समजूत असलेला माणूस, एकटा असताना ओरडायचा त्याच्या साधारण ७४ टक्केच ओरडत होता. त्यांच्या या कामानंतरच सोशल लोफिंग हे नाव रूढ झालं.

तुमची पोरं शपथेवर सांगतात तेही खोटं नसेल. गर्दीत आपला आवाज आपल्यालाच वेगळा ऐकू येत नाही, मग हात सैल पडलाय हे कळणार कसं? म्हणून केसमध्ये कोणी आळशी किंवा कामचुकार असल्याचं लिहिलं नसलं तरी उत्तर सोशल लोफिंग असू शकतं. उलट एखादा माणूस एकटा असतानाही काम करत नसेल, तर ते सोशल लोफिंग नाही. तो त्याचा स्वभाव. एकट्याने पूर्ण आणि गटात कमी, हा फरक केसमध्ये दिसला पाहिजे.

---

ढोलपथक_पंचवटी

एकट्याने पूर्ण, गटात कमी. हे अगदी पटलं. पण मॅडम, मिरवणूक सहा-सात तास चालते. माझा एक जुना वादक म्हणतो की मागची पोरं दम राखून वाजवतात, अंग चोरत नाहीत. पुढे मेन रोडला पोचल्यावर जोर लागतो हे त्यांना माहीत असतं. मग ते काय?

---

वर्गाबाहेर

मिरवणुकीत तसं असू शकतं. सरावातही तसंच होत असेल तर वेगळं. ओळ एकटी असतानाही त्यांना पुढचे सात तास ठाऊक असतात का? तुम्ही पाचाची ओळ दोन मिनिटांसाठी उभी केली होती, तेवढ्या वेळात कोणी दम राखत नाही. पन्नासांनाही दोनच मिनिटं वाजवायला लावून बघा आणि मग सांगा. आत्ता इथे बसून मी ठरवू शकत नाही.

---

गंगापूररोड

माझी पहिली खूण मोडली हे मान्य. पण दुसरी तरी बरोबर आहे ना? गट मोठा म्हणजे लोफिंग, जवळचा म्हणजे ग्रुपथिंक?

---

सिडको_नेट

अर्धी. गट वाढला की लोफिंग वाढतं हे खरं. पण दोन जणांतही थोडं दिसतं, म्हणून "तिघांची टीम" वाचून लोफिंग खोडू नकोस.

आणि जवळीक हे ग्रुपथिंकचं पुस्तकी कारण आहे, पण पुरावा नाही. मानसशास्त्रज्ञ जॅनिस यांनी १९७२ मध्ये ग्रुपथिंक मांडलं तेव्हा घट्ट एकजूट ही मुख्य अट धरली होती. नंतरच्या प्रयोगांत एकजुटीचा परिणाम कधी दिसला, कधी नाही. एकूणच त्यांची मांडणी मोठ्या राजकीय निर्णयांच्या कथांवरून उभी राहिली आणि प्रयोगशाळेत पूर्ण सिद्ध झालेली नाही. त्यामुळे "आठ लक्षणांपैकी पाच दिसली म्हणजे ग्रुपथिंक" अशी मोजदाद करणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

---

वर्गाबाहेर

सिडको ताई, सिद्धांतावरची टीका योग्य आहे. मोजदादीलाही माझा विरोध आहे. पण एखादं लक्षण असं असतं की ते दिसलं की केसचा कल स्पष्ट होतो.

१९६१ चं बे ऑफ पिग्ज प्रकरण घ्या. क्यूबातून पळालेल्या सुमारे १,४०० जणांना तिथेच उतरवून कॅस्ट्रोचं सरकार पाडायचं, ही योजना अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या खोलीत मंजूर झाली आणि तीन दिवसांत कोसळली. श्लेसिंजर या सल्लागारांना ती चुकीची वाटत होती. त्यांनी अध्यक्षांना लेखी कळवलंही होतं. बैठकीत मात्र ते गप्प राहिले आणि नंतर त्यांनी त्याबद्दल स्वतःला दोष दिला. मधल्या काळात अध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडी यांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की अध्यक्षांचं मन ठरलंय, आता जास्त ताणू नका.

या बाजूला घेऊन सांगणाऱ्या माणसाला जॅनिस यांनी माइंडगार्ड म्हटलं. परीक्षेच्या केसमध्ये तो साध्या वेषात येतो. "सचिवाने सल्लागाराचा प्रतिकूल अहवाल बैठकीच्या कागदांत लावला नाही." "वरिष्ठ व्यवस्थापकाने त्याला सांगितले की साहेबांचा मूड बिघडवू नकोस." असं वाक्य दिसलं की मी लोफिंगचा पर्याय तिथेच खोडते. अंगचोरीत कोणाला काही लपवायची गरजच पडत नाही. लपवायला मुळात विरोधी माहिती गटात असावी लागते.

---

द्राक्षबाग_दिंडोरी

नमस्कार. आमची शेतकऱ्यांची कंपनी आहे, मी सात संचालकांपैकी एक. धागा मुलाने दाखवला. तुमचे शब्द नवे आहेत, पण प्रकार ओळखीचा वाटला म्हणून लिहितो.

मागे आम्ही शीतगृहासाठी जागा घ्यायचं ठरवलं आणि बयाणा देऊन बसलो. जागा रस्त्यापासून आत आहे, पावसात कंटेनर आत येणं अवघड. चार महिन्यांनी एका लग्नात आम्ही पाच जण एकत्र बसलो होतो. एक म्हणाला, मला ती जागा पहिल्यापासून नको होती. दुसरा म्हणाला, मलाही. शेवटी कळलं की पाचही जणांना नको होती. ज्याने नाव सुचवलं होतं त्यालाही फारशी नको होती, विषय निघाला म्हणून त्याने सुचवली होती. कोणी दबाव आणला नाही. आमचे अध्यक्ष तर स्वतः म्हणत होते की विचार करून सांगा. मग सात जाणत्या माणसांनी नको असलेल्या जागेवर सही कशी केली? ते ग्रुपथिंक का?

---

गंगापूररोड

काका, हे तर नक्कीच ग्रुपथिंक. शंका होती आणि गिळली. मॅडमनी सांगितलेलीच खूण.

---

सिडको_नेट

नाही. काकांची केस म्हणजे अंबडकरांच्या प्रश्नातला चौथा पर्याय, ॲबिलिन पॅराडॉक्स. जेरी हार्वे यांनी १९७४ मध्ये मांडला. टेक्ससमधलं एक कुटुंब भर उन्हात बिनवातानुकूलित गाडीतून ॲबिलिनला जेवायला जातं आणि परत आल्यावर कळतं की जायचं कोणालाच नव्हतं. प्रत्येकाला वाटलं होतं की बाकीच्यांना जायचंय.

ग्रुपथिंकमध्ये गटाला किंवा निदान त्याच्या म्होरक्याला तो निर्णय मनापासून हवा असतो, आपण बरोबर आहोत असा जोर असतो आणि शंका असलेले थोडे जण त्यापुढे नमतात. ॲबिलिनमध्ये त्या निर्णयाचा धनीच कोणी नसतो. केसमध्ये "नंतर कळले की कोणालाच तो प्रस्ताव पसंत नव्हता" असं आलं की ॲबिलिन.

---

वर्गाबाहेर

सिडको ताईंनी बरोबर सांगितलं. गंगापूररोड, तुमचीही चूक मोठी नाही, माझी खूण तिथे अपुरी पडली. शंका दोन्हीकडे गिळली जाते. तिथे दुसरा प्रश्न विचारायचा: मग हा निर्णय हवा कोणाला होता?

काका, एक विचारते. उरलेल्या दोघांना ती जागा हवी होती का?

---

द्राक्षबाग_दिंडोरी

एकाचं माहीत नाही, तो लग्नाला नव्हता. दुसऱ्याची शेती त्याच बाजूला आहे. त्याला हवी असेलही. पण तो बैठकीत एक अक्षर बोलला नव्हता.

---

सिडको_नेट

मग मामला इतका सरळ नाही. तरी तो बोलला नव्हता आणि त्याने कोणाला थोपवलं नव्हतं, म्हणून मी ॲबिलिनवरच राहीन.

---

अंबड_दुसरी_पाळी

पाळीवरून आलो आणि सगळं दोनदा वाचलं. रात्री स्वतः एक केस लिहून सोडवून बघितली. मॅडम, तपासाल का?

«एका कारखान्यात मालातील दोष शोधण्यासाठी सहा निरीक्षकांचे पथक आहे. पूर्वी प्रत्येक निरीक्षक स्वतःच्या शिक्क्याने माल पास करत असे. आता पथकाचा एकच शिक्का आहे. गेल्या तिमाहीत ग्राहकाकडून परत येणारा माल वाढला. निरीक्षकांचे एकमेकांशी चांगले जमते. पथकप्रमुख अनुभवी असून सर्वांना त्यांच्याबद्दल आदर आहे.»

माझं उत्तर सोशल लोफिंग. माणसं तीच, काम तेच, बदलला तो फक्त शिक्का. वेगळा शिक्का होता तोवर कोणाचा वाटा किती ते दिसत होतं. एकत्र झाल्यावर दिसेनासं झालं आणि जोर उतरला. चांगलं जमणं आणि प्रमुखांबद्दल आदर ही शेवटची दोन वाक्यं मी मुद्दाम घातली, म्हणजे वाचणारा ग्रुपथिंककडे ओढला जाईल. पण कोणाकडे शंका होती आणि ती गिळली असं केसमध्ये कुठेच नाही.

खरं सांगायचं तर ही केस मला सुचली नाही, मी जवळून बघितली आहे. एकच शिक्का आला तेव्हा मीही खोक्यातले पाचऐवजी तीन नग तपासायला लागलो होतो आणि मला ते जाणवलंही नव्हतं. ढोलवाल्या दादांची पोस्ट वाचल्यावर जाणवलं.

---

वर्गाबाहेर

उत्तर बरोबर आणि केस चांगली बांधली आहे. आदर आणि जवळीक ही वाक्यं प्रश्न काढणारे अगदी अशीच पेरतात. एकच त्रुटी काढते. माल परत येण्याचं प्रमाण वाढलं, ते कच्चा माल बिघडल्यामुळेही असू शकतं. "तपासलेल्या नगांची संख्या प्रत्येकी घटली" असं एक वाक्य घाला, म्हणजे घट मेहनतीतच आहे हे पक्कं होईल. तुमच्या पाचाचे तीन तिथे लिहा.

आता याच केसवरून एक पुढचा प्रश्न, कारण पेपरात "उपाय सुचवा" असं चार-पाच गुणांना येतं. तुमच्या पथकाला वेगळे शिक्के परत दिले तर गळती थांबेल. पण तोच उपाय, प्रत्येकाचं मत नावानिशी नोंदवायचा, मी बदललेल्या करार समितीत लावला तर काय होईल?

---

गंगापूररोड

तिथे उलटं होईल. अध्यक्षांनी पसंती सांगितल्यावर नावानिशी विरोध कोण नोंदवेल? तिथे चिठ्ठीवर, बिननावाची मतं घ्यायला हवीत. किंवा अध्यक्षांनी आपलं मत शेवटी सांगायचं.

---

वर्गाबाहेर

अगदी बरोबर. अंगचोरीला नाव उघडं करावं लागतं, गिळलेल्या शंकेला नाव झाकावं लागतं. उत्तर लिहून झालं की आपण सुचवलेला उपाय त्या केसला मनातल्या मनात लावून बघा. उपायाने रोग वाढणार असेल तर निदान चुकलंय, मागे जाऊन वाचा. केनेडींनी पुढच्याच वर्षी, १९६२ च्या क्यूबातल्या क्षेपणास्त्रांच्या पेचात, काही बैठकींना स्वतः हजर राहणं टाळलं, म्हणजे बाकीचे मोकळेपणी बोलतील. हाच उपाय तुमच्या निरीक्षकांच्या पथकाला लावला आणि प्रमुखच हजर राहिले नाहीत, तर पाचाचे तीन होते ते दोन होतील.

---

सिडको_नेट

मॅडम, हे मी वहीत लिहून घेतलं. पण मूळ प्रश्नावर माझं मत तेच आहे. करार समितीत सात जण वाचत नाहीत आणि दोघांबद्दल अवाक्षर नाही, अशी केस देणं चुकीचं आहे. प्रश्न काढणाऱ्याने "एकाही सदस्याने" असं लिहायला हवं होतं. नेटमध्ये असं आलं तर मी हरकत नोंदवेन.

---

वर्गाबाहेर

नोंदवा. मी उत्तर बदलणार नाही, पण प्रश्न नीट लिहिलेला नाही हे तुमचं म्हणणं मला खोडता येत नाही.

---

निफाडची_सून

भागांवर नावं लिहून पान सरांना दिलं. दोघींपैकी एकीने काल रात्री तिचा भाग पाठवला, चांगला केलाय. दुसरी म्हणते, तिला वाटत होतं की आम्हा दोघींना सगळं आपल्याच पद्धतीने करायचं असतं, म्हणून ती मध्ये पडत नव्हती. आता हे लोफिंग होतं का?

---

ढोलपथक_पंचवटी

रविवारी पन्नास जणांना दोन मिनिटं वाजवायला लावलं. पहिल्या वेळी आवाज तसाच पातळ. दुसऱ्या वेळी प्रत्येक ओळीसमोर एक जुना वादक नुसता उभा केला, त्याने काही बोलायचं नाही, फक्त ऐकायचं. तिसऱ्या रांगेपर्यंत फरक पडला. मागच्या दोन रांगांत अजून नाही, तिथे समोर माणूस उभा राहायला जागाच नव्हती. येत्या रविवारी रांगा आडव्या लावून बघतो.